मैत्रिणीचा कुत्रा थकत चाललाय: भेट काय न्यावी आणि कशी

कुत्रा म्हातारा होऊन थकू लागला की त्याच्या माणसासाठी काय घ्यावं हे सुचत नाही आणि मग हात आठवणीच्या वस्तूंकडे जातो. पंजाच्या आकाराचं लॉकेट, नाव कोरलेली फ्रेम, इंद्रधनुष्याचं चित्र असलेला मग. या सगळ्या वस्तू कुत्रा गेल्यानंतरच्या आहेत. तुमची मैत्रीण तर अजून रोज सकाळी त्याला उठवतेय, बाहेर नेतेय, रात्री उठून तो कुठे अडकला नाही ना ते बघतेय. अशा वेळी तिच्या हातात लॉकेट ठेवलं की ‘तुम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय’ एवढंच तिला ऐकू येतं.

त्यापेक्षा तिचा आणि कुत्र्याचा दिवसातला एखादा अवघड क्षण हलका करेल असं काहीतरी न्या. तो क्षण घराघरात वेगळा असतो, पण मोठ्या आणि मध्यम आकाराच्या म्हाताऱ्या कुत्र्यांच्या घरात बहुतेक वेळा तो एकच असतो: गुळगुळीत फरशीवरून उठणं आणि चालणं. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

पहिली पायरी: आधी नुसतं बघा

काही विकत घेण्याआधी एकदा रिकाम्या हाताने जा, निवांत बसा आणि कुत्र्याकडे लक्ष ठेवा. झोपेतून उठताना तो पुढचे पाय रोवून मागचं अंग ओढून घेतो का? खाताना उभं असताना मागचे पाय हळूहळू फाकत जातात का? भिंतीला अंग लावून चालतो का? खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो, पुढची फरशी बघतो आणि परत फिरतो का? एका पायपुसण्यावरून दुसऱ्या पायपुसण्यावर वळसा घेत जातो का? हे शेवटचं दिसलं तर तुमचं निम्मं काम झालं. पाय कुठे टिकतो हे कुत्र्याने स्वतःच दाखवून दिलेलं असतं.

मैत्रिणीला ‘काही हवंय का?’ असं विचारू नका, उत्तर ‘काही नको गं’ असंच येणार. ‘दिवसातली कोणती वेळ सगळ्यात जड जाते?’ असं विचारा. ‘रात्री तीनला उठून भिंतीकडे बघत उभा राहतो’ किंवा ‘जिना उतरवताना माझी कंबर जाते’ असं नेमकं काहीतरी ती सांगेल, आणि भेट तिथेच सापडेल.

एक खबरदारी. चालताना पंजा उलटा पडून त्याची वरची बाजू जमिनीला घासत असेल, नखं वरून झिजली असतील किंवा कालपर्यंत बरा चालणारा कुत्रा आज अचानक मागचे पाय टाकत नसेल, तर ते भेटवस्तूचं काम नाही. तिथे मज्जातंतूंचा किंवा मणक्याचा त्रास असू शकतो. मैत्रिणीला तेवढं सांगा आणि व्हेटकडे जायला गाडी काढा.

घसरणं कुठून येतं

कारण समजलं की चुकीची वस्तू घेतली जात नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मांड्यांचे स्नायू बारीक होतात. सांधे दुखत असतील तर तो भार पुढच्या पायांवर घेतो आणि मागचे पाय आणखी हलके पडतात. चालणं कमी झाल्यामुळे नखं झिजत नाहीत. ती लांबली की पंजाच्या गाद्या जमिनीवर नीट टेकत नाहीत आणि फरशीवर नखांचाच आवाज येतो. एकदा दोनदा जोरात पडला की त्याला त्या जागेची भीती बसते, तो तिथे जाणंच टाळतो, आणि न चालल्याने स्नायू आणखी जातात. हे चक्र मध्येच कुठेतरी तोडायचं असेल तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर बदलता येणारी गोष्ट म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन.

म्हणून माझ्या मते नवख्या माणसाने न्यावी अशी सगळ्यात चांगली भेट म्हणजे एक वाट. बिछान्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत, मध्ये कुठेही न तुटणारी, पाय न घसरणारी वाट.

दुसरी पायरी: वाट मोजा आणि अंथरा

रबरी पाठीच्या लांब पट्ट्या चालतात, आणि साध्या योगा मॅटही उत्तम चालतात. योगा मॅट साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि १७५ ते १८० सेंटीमीटर लांब मिळते. जाडी ४ ते ६ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. जाड, मऊ मॅट बघायला आरामशीर वाटते, पण तिच्यात पंजा रुततो आणि तिच्या उंच कडेला पाय अडखळतो. केसाळ गालिचा घ्यायचा असेल तर त्याला रबरी पाठ आहे ना ते बघा. नाहीतर कुत्रा गालिच्यासकट घसरतो, आणि हे नुसत्या फरशीवर घसरण्यापेक्षा वाईट.

एक उदाहरण घेऊ. शेरू हा तेरा वर्षांचा, ३० किलोचा लॅब्रेडॉर. बिछाना बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात. तिथून बाहेरच्या दारापर्यंत सरळ ५ मीटर. पाण्याचं आणि जेवणाचं भांडं त्या वाटेच्या मध्यावरून बाजूला दीड मीटरवर, भिंतीशी. दारापर्यंतच्या वाटेला तीन मॅट पुरतात. त्या एकापुढे एक, कडा टेकवून लावायच्या, कारण मध्ये वीतभर फरशी उघडी राहिली तर पाय नेमका तिथेच जातो. भांड्यांकडे जायला चौथी मॅट. पण भांड्यापाशी शेरू नुसता चालत नाही, तो चार पाय रोवून उभा राहतो आणि खाऊन झाल्यावर वळतो. एवढा मोठा कुत्रा ६० सेंटीमीटरमध्ये वळू शकत नाही, म्हणून तिथे पाचवी मॅट चौथीला लागून. आणि सहावी बिछान्याच्या अगदी समोर, आडवी, कारण उठताना पहिला जोर तिथे लागतो. सहा मॅट, थोडी दुहेरी चिकटपट्टी, तासाभराचं काम.

चिकटपट्टी आधी फरशीच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून, काढून बघा. डाग राहिला तर मैत्रीण तोंडाने काही बोलणार नाही, पण मॅट गुंडाळून ठेवेल.

वाट जमली की नाही हे कसं कळेल? पहिल्या दिवशी तो वास घेईल, कदाचित मुद्दाम फरशीवरून जाईल. ओढून आणू नका. दोन तीन दिवसांत तो पट्टीवरूनच ये जा करू लागला, पाणी प्यायला स्वतःहून उठू लागला, तर जमली. पट्टीवर चढायलाच घाबरत असेल तर रंग बदलून बघा. नजर अधू झालेल्या काही कुत्र्यांना पांढऱ्या फरशीवरची काळी पट्टी खड्ड्यासारखी दिसते.

याच्या जोडीला आणखी एक छोटी भेट: व्हेटकडे किंवा ग्रूमरकडे नखं कापून आणण्याची जबाबदारी. नखं फार वाढलेली असतील तर आतली रक्ताची नस पण लांबलेली असते, म्हणून एकदम मुळापर्यंत कापता येत नाहीत. आठवड्या दोन आठवड्यांनी थोडी थोडी कापली की नस मागे सरकते. म्हणजे ही एकदाची भेट नव्हे. ‘दर दुसऱ्या शनिवारी मी नेईन’ असं सांगता येत असेल तरच सांगा.

तिसरी पायरी: बिछाना, घ्यायचाच असेल तर

सगळ्यांना सुचणारी भेट हीच, आणि परत कपाटात जाणारी भेटही बहुतेक वेळा हीच. कारण बिछाना हाताने दाबून घेतला जातो, गुडघ्याने नाही. दुकानात त्यावर गुडघा टेकवा आणि अंगाचा भार टाका. गुडघ्याला खालची जमीन लागली तर ३० किलोच्या कुत्र्याच्या कोपराला आणि कंबरेच्या हाडालाही ती लागणार. त्यातूनच कोपरावर घट्टे पडतात आणि पुढे जखमा होतात. उलट गुडघा नुसता रुततच गेला तर तोही नको. अशा बिछान्यातून कुत्र्याला उठताच येत नाही. खाली घट्ट फोम आणि वर थोडा मऊ थर, मोठ्या कुत्र्याला एकूण १० सेंटीमीटर किंवा जास्त जाडी, आणि पुढची कड अगदी बुटकी, असा शोधा.

माप असं घ्या: कुत्रा कुशीवर पसरून झोपला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. त्यात १५ ते २० सेंटीमीटर मिळवा. शेरू ९५ सेंटीमीटर भरला, तर बिछाना ११५ च्या आसपास हवा.

कव्हर चेनचं, धुता येणारं, आणि त्याच्या आत पाणी न झिरपणारा एक थर असलेलं हवं. म्हातारपणी झोपेत लघवी होणं अगदी नेहमीचं, आणि फोममध्ये ती एकदा मुरली की वास जात नाही. खरं सांगायचं तर मैत्रिणीकडे चांगला बिछाना आधीच असेल तर त्याच मापाची दोन जादा कव्हरं न्या. एक धुवायला, एक वाळत, एक घातलेलं. हा हिशेब ज्याच्या घरी म्हातारा कुत्रा आहे त्यालाच कळतो.

जुना बिछाना टाकायला लावू नका. नव्यावर त्याची जुनी चादर अंथरा, वास ओळखीचा लागला की तो येऊन बसतो. तरीही आला नाही, फरशीवरच पसरला, तर त्याला उकडत असेल. फोम उष्णता धरून ठेवतो.

चौथी पायरी: उचलायला आधार

जिना किंवा गाडी हा अडचणीचा भाग असेल तर मागच्या अंगाला आधार देणारा पट्टा उपयोगी. कुत्र्याच्या मागच्या दोन्ही पायांतून घालायचा, वरून दोन मुठी असलेला पट्टा मिळतो. तो घेण्याआधी घरच्या जुन्या टॉवेलवर सराव करून बघायला सांगा: टॉवेलची लांब घडी पोटाखालून, मागच्या पायांच्या लगेच पुढे घालायची आणि दोन्ही टोकं वर धरायची. मागचे पाय हवेत लटकता कामा नयेत. पाय तोच टाकणार, आपण फक्त भार थोडा कमी करायचा. नर कुत्र्याच्या बाबतीत टॉवेल लघवीच्या जागेवर दाबला जाणार नाही हे बघा, नाहीतर बाहेर जाऊनही तो लघवी करणार नाही आणि कोणाला कारण कळणार नाही. पोटात गाठ असेल किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर हा प्रकार व्हेटला विचारल्याशिवाय करायचा नाही.

पट्टा दिवसभर अंगावर ठेवायचा नसतो. जांघेतली कातडी लाल दिसू लागली की काढून ठेवायचा.

पाचवी पायरी: झोप भेट द्या

वस्तूंपेक्षा ही भेट मोठी आहे, आणि ती कोणी देत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही विसराळूपणा शिरतो. दिवसा झोपणं, रात्री येरझाऱ्या, कोपऱ्यात तोंड घालून उभं राहणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूने बाहेर जायचा प्रयत्न. पाण्याच्या भांड्यापाशी मंद रात्रदिवा लावला तर थोडा फरक पडतो, म्हणून तोही न्या. पण माणसाची झोप तर गेलेलीच असते. मेरी बेथ स्पिट्झनागेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘व्हेटरिनरी रेकॉर्ड’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आजारी प्राण्याची देखभाल करणाऱ्यांमध्ये ताण, चिंता आणि नैराश्याची लक्षणं निरोगी प्राणी पाळणाऱ्यांपेक्षा जास्त आढळली होती. मैत्रीण हल्ली चिडचिडी झाली असेल तर मनाला लावून घेऊ नका.

‘कधीही सांग’ असं म्हणू नका. ‘रविवारी दुपारी दोन ते सहा मी शेरूजवळ बसते, तू आतल्या खोलीत दार लावून झोप’ असं म्हणा. ती घर सोडून जायला तयार होणार नाही, पण शेजारच्या खोलीत झोपायला तयार होईल.

त्याआधी तिच्याकडून नीट शिकून घ्या. कोणती गोळी किती वाजता, रिकाम्या पोटी की खाल्ल्यावर. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायची नाही, तिला विचारायचं. उचलायचं झालं तर एक हात छातीभोवती, दुसरा मांड्यांच्या मागून. ३० किलोचा कुत्रा असेल तर दोघांनी, चादरीत. एकट्याने नाही. गाढ झोपेत श्वास मोजायला शिका: एक मिनिटात तीसच्या आत असतील तर बहुतेक ठीक. त्याहून जास्त सतत राहिले, विशेषतः हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याचे, तर व्हेटला फोन. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या, पोट फुगलं आणि उलटी येत असूनही बाहेर काही पडत नसेल, किंवा झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर मैत्रिणीला लगेच उठवा. दुपारची झोप त्या दिवशी राहू दे.

काय नेऊ नका

खाऊ. हे वाचून वाईट वाटेल, पण विचारल्याशिवाय नको. म्हाताऱ्या कुत्र्याचं पथ्य किडनीचं असू शकतं, स्वादुपिंडाचं असू शकतं, आणि एका तेलकट तुकड्याने दोन रात्री वाया जातात. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण ही कुत्र्यांसाठी विषारी. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या वस्तू तर थोड्याशाही धोकादायक. त्या ‘शुगर फ्री’ म्हणून आपल्याच पर्समध्ये असतात, म्हणून पर्स उंचावर ठेवा.

सांध्यांसाठीच्या गोळ्या आणि पावडरी व्हेटला दाखवून घ्याव्यात, भेट म्हणून नाही. माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात नाही. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि किडनी निकामी होऊ शकते. सुगंधी तेलं, डिफ्यूझर हेही टाळा. टी ट्री तेल कुत्र्यांना बाधतं, आणि ज्याची नजर आणि कान गेलेत त्याचं सगळं घर नाकावर चालतं.

आणि कुत्र्याच्या आयुष्याची ‘गुणवत्ता’ मोजायचा तक्ता छापून नेऊ नका. असे तक्ते चांगले आहेत. अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांच्या तक्त्यात वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि बऱ्या दिवसांचं प्रमाण अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण देतात आणि बेरीज ३५ च्या वर असली तर तब्येत सांभाळण्याजोगी मानतात. पण तो विषय मैत्रीण आणि तिच्या व्हेटचा. तिने विचारलं तर सांगा. भेट म्हणून द्यायची तर साधी वही द्या, ज्यात रोज एक ओळ लिहिता येईल: खाल्लं का, स्वतः उठला का, रात्र कशी गेली. व्हेटने ‘किती दिवसांपासून असं आहे?’ विचारल्यावर ही वही फार कामाला येते.

फोटो काढायचा असेल तर

आठवणीची एक वस्तू आत्ताच करावी अशी आहे. मैत्रिणीच्या फोनमध्ये शेरूचे शेकडो फोटो असतील आणि त्यातल्या बहुतेकांत ती स्वतः नसेल, कारण फोन तिच्या हातात होता. दोघांचे फोटो तुम्ही काढा. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, जमिनीवर बसून कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून. तयार होऊन बसायला सांगू नका. ती औषध भरवताना, कान खाजवताना, पट्टा लावताना काढा. छापून आणताना खाली तारीख किंवा ओळ काही घालू नका.

पंजाचा ठसाही घेता येतो, पण तिने स्वतः विषय काढला तरच. तो झोपेत असताना, विषारी नसलेल्या शाईवर हलकेच टेकवून घ्या आणि पंजा लगेच पुसा. दुखऱ्या पायाचा ठसा घेऊ नका.

देताना

वस्तू खोक्यातून काढून, वेष्टनं घरीच फेकून न्या. प्लॅस्टिकच्या आवाजाला म्हातारा कुत्रा दचकतो, आणि मैत्रिणीकडे कचरा आवरायची ताकद नसते. सोबत चिठ्ठी लिहायची असेल तर वर्तमानकाळात लिहा. ‘शेरूला पाण्यापर्यंत जायला सोपं व्हावं म्हणून या मॅट. रविवारी दोनला येते.’ एवढं पुरे. ‘तेरा वर्षं म्हणजे खूप झालं’, ‘नंतर एखादं पिल्लू आण’ यातलं काहीही नको, प्रेमाने म्हटलेलंही.

पावती आणि परत करायची शेवटची तारीख तिला देऊ नका, तुमच्याजवळ ठेवा. आठवड्याने गेलात आणि मॅट गुंडाळलेली दिसली, बिछाना रिकामा दिसला, तर ‘वापरत नाहीस का?’ असं विचारायचं नाही. शेरू कुठे झोपतोय, कुठून चालतोय ते बघायचं. माप चुकलं असेल तर बदलून आणायचं, आणि गरजच उरली नसेल तर निमूट घेऊन जायचं.